आई तेव्हा कुठे होती?

१९ ऑक्टोबर १९७३. इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या एका गावाजवळ संध्याकाळी चारच्या सुमारास एक मालट्रक एका मोटारीवर जाऊन आदळला. मोटारीत वडील होते आणि त्यांची तीन मुलं होती. सतरा वर्षांचा मोठा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि जेमतेम तीन वर्षांची धाकटी. या मुलांची आई त्या वेळी दोन मैलांवर आपल्या घरी होती.

तासाभराने एक ओळखीचा माणूस दारात आला. अपघाताच्या वेळी त्यांच्या मागच्याच गाडीतून तो येत होता. मोठा मुलगा बहुतेक वाचणार नाही, नवऱ्याचं आणि मुलींचं काय झालं ते ठाऊक नाही, असं त्याने सांगितलं आणि त्यांना गाडीत घालून केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स इस्पितळात नेलं. तिथे आधी भेटला तो त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा. तोही त्या मागच्या गाडीत होता म्हणून बचावला होता. धाकटी गेली, हे आईला त्याच्याच तोंडून कळलं. मग एका बोळातून जाताना खिडकीच्या काचेतून मधली मुलगी दिसली. ती रडत होती, चेहऱ्यावर जखमा होत्या, चिखल आणि तेल तसंच माखलेलं होतं. पलीकडून मोठ्या मुलाच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. नवरा डोकं हातांत धरून बसला होता, अंगावरचा सदरा फाटून लोंबत होता. बायकोला पाहताच तो हुंदके देऊन रडू लागला. मोठ्या मुलाने आईला ओळखल्यासारखं केलं आणि त्याची शुद्ध हरपली. शेवटी सात वर्षांची लेक भेटली. तिला बोलता येईना, ती फक्त आईला घट्ट बिलगून राहिली.

या बाईंना खरचटलंसुद्धा नव्हतं. पण पुढे त्यांना गंभीर नैराश्याने ग्रासलं, त्यांचा स्वभाव बदलला, घर चालवणं अवघड झालं. ट्रकचालक आणि त्याचे मालक यांच्या निष्काळजीपणामुळे आपल्याला हा आजार जडला, म्हणून त्यांनी स्वतःसाठी नुकसानभरपाई मागितली. नवऱ्याच्या आणि मुलांच्या दाव्याशी या मागणीचा संबंध नव्हता. ‘मॅक्लॉक्लिन विरुद्ध ओब्रायन’ या नावाने हा खटला कायद्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, आणि जवळच्या माणसाचा अपघात पाहून मन मोडलेल्या कुणालाही इंग्लंड-वेल्समध्ये दावा करायचा असेल तर वकील आजही याच खटल्यापासून सुरुवात करतात.

बाई पहिल्या न्यायालयात हरल्या, अपिलातही हरल्या. त्या अपघाताच्या जागी नव्हत्या, त्यांनी टक्कर पाहिली नाही की ऐकली नाही, हे त्यांच्या विरोधात गेलं. अपील न्यायालयाचं म्हणणं तर याहून चमत्कारिक होतं. अशा आईला धक्का बसेल हे कुणालाही आधीच समजण्याजोगं आहे, असं न्यायमूर्तींनी मान्य केलं. तरीही दाव्यांचं दार इतकं उघडं ठेवता येणार नाही म्हणून त्यांनी नकार दिला.

इतकी भीती न्यायालयांना का वाटावी, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. या विषयाला वकिली भाषेत ‘नर्व्हस शॉक’ म्हणतात. शब्द एकोणिसाव्या शतकातला आहे. मनाचे आजार मज्जातंतूंना बसलेल्या हादऱ्यातून होतात, अशी त्या काळची समजूत होती. १८८८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे ऑस्ट्रेलियातलं एक प्रकरण आलं. रेल्वेच्या फाटकवाल्याने चुकीने घोडागाडी रुळांवर जाऊ दिली आणि आगगाडी अगदी अंगावरून गेल्यासारखी निघून गेली. धडक बसली नाही, पण गाडीतली बाई भीतीने बेशुद्ध पडली आणि पुढे आजारी झाली. शरीराला इजा नाही तर भरपाई नाही, असा निकाल प्रिव्ही कौन्सिलने दिला. हिंदुस्थानातल्या खटल्यांचं शेवटचं अपीलही तेव्हा याच कौन्सिलपुढे जात असे. खोटे दावे येतील, मनाचं दुखणं मोजणार कसं, हे त्यामागचे प्रश्न होते. मानसोपचारशास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होतं, त्यामुळे ते प्रश्न निव्वळ सबब नव्हते.

नंतर न्यायालयं जरा पुढे सरकली. स्वतःच्या जिवाच्या भीतीने कुणी आजारी पडलं तर भरपाई मिळू लागली. पण भीती दुसऱ्याच्या जिवाची असेल तर? १९२५ साली या प्रश्नाने एका आईच्या रूपात न्यायालयाचं दार ठोठावलं. फोकस्टोन गावात एका उताराच्या रस्त्यावर चालकाने लॉरीचं इंजिन चालू ठेवून ती तशीच सोडली होती. लॉरी आपोआप खाली धावत सुटली. आईने नुकतीच आपली मुलं वळणापलीकडे शाळेच्या वाटेला लावली होती. लॉरी त्याच दिशेने आलेली तिने पाहिली आणि तिला मुलांच्या जिवाची धास्ती बसली. मुलीला खरोखरच दुखापत झाली होती. गरोदर असलेली ती आई या धसक्यानंतर आजारी पडून दगावली. न्यायालयाने तिच्या नवऱ्याचा दावा उचलून धरला. स्वतःच्या जिवाला भ्यायलेल्या आईला भरपाई आणि लेकरांसाठी जीव टांगणीला लागलेल्या आईला काही नाही, हा नियम टिकूच शकत नव्हता. पण त्याच निकालात एक अट घालून ठेवली गेली. धक्का आईने स्वतः पाहिलेल्या गोष्टीतून बसला पाहिजे, दुसऱ्याने सांगितलेल्या बातमीतून नव्हे.

सफोकच्या आईचा प्रश्न बरोबर या अटीवर अडला होता. तिला बातमी दुसऱ्याने सांगितली, आणि पाहिलं ते इस्पितळात.

६ मे १९८२ रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या पाचही न्यायमूर्तींनी तिच्या बाजूने निकाल दिला. त्यांचा आधार सोपा पण महत्त्वाचा होता. अपघात म्हणजे फक्त टक्कर होते तो क्षण नाही. त्याच्या लगोलगची परिस्थितीही त्याच घटनेचा भाग आहे. आई इस्पितळात पोचली तेव्हा सगळे जण रस्त्यावर होते जवळपास त्याच अवस्थेत होते. जखमा धुतलेल्या नव्हत्या, तेल-चिखल पुसलेला नव्हता, किंकाळ्या थांबल्या नव्हत्या. रस्त्यावरचं दृश्यच जणू दोन तासांनी इस्पितळाच्या बोळात उभं होतं. त्या बोळातल्या खिडकीच्या काचेला कायद्यात इतकं मोल आलं ते यामुळे.

आता एक कठीण गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण अशा दाव्यांत माणसं सगळ्यांत जास्त तिथेच दुखावली जातात. या कायद्यात दुःखाची भरपाई मिळत नाही. मूल गेलं, नवरा गेला, रात्र-रात्र झोप नाही, जेवण जात नाही, हे सगळं न्यायालयाच्या लेखी दुःख आहे, आणि ते प्रत्येकाच्या वाट्याला येतं असं धरलं जातं. दावा उभा राहतो तो मानसोपचारतज्ज्ञाने निदान केलेल्या आजारावर. आघातानंतरचा तणावविकार, ज्याला डॉक्टर ‘पीटीएसडी’ म्हणतात, गंभीर नैराश्य, किंवा वर्षं उलटली तरी न सुटणारा विकृत शोक असं काही तरी असावं लागतं.

दुःख आणि आजार वेगळे कसे काढायचे, याचं एक उदाहरण वाचताना आजही गलबलून येतं. १९६४ सालच्या वसंतात एक कुटुंब केंट परगण्यात सहलीला निघालं होतं. वाटेत रस्त्याकडेला गाडी थांबवून वडील चहा करत होते, मुलं आजूबाजूला होती. आई एका मुलाला घेऊन रस्ता ओलांडून पलीकडे रानातली निळी फुलं तोडायला गेली होती. एक भरधाव जॅग्वार मोटार ताबा सुटून थांबलेल्या गाडीवर आदळली. आवाज ऐकून आई वळली तेव्हा नवरा आणि मुलं रस्त्यावर पडलेली होती. नवरा गेला, मुलं जखमी झाली. त्या बाई पुढे दीर्घकाळ नैराश्याने आजारी राहिल्या.

त्यांच्या खटल्यात न्यायाधीशांपुढे एक विलक्षण काम होतं. बाईंच्या एकूण यातनेतून नवरा गेल्याचं दुःख वजा करायचं. मुलांची काळजी वजा करायची. पैशांची ओढाताण आणि एकटीने संसार ओढण्याचे कष्ट वजा करायचे. अपघाताच्या वेळी त्या पन्नास मैलांवर असत्या आणि त्यांना नुसती बातमी कळली असती, तर त्यांची अवस्था कशी असती याची कल्पना करायची. त्यापलीकडे जे उरेल, म्हणजे डोळ्यांनी पाहिल्यामुळे जो आजार झाला, तेवढ्याचीच भरपाई द्यायची. न्यायाधीशांनी ती ४,००० पौंड ठरवली आणि १९७० साली अपील न्यायालयाने ती कायम ठेवली. माणसाचं मन असं कप्प्याकप्प्यांत उघडत नाही, हे कुणालाही कळतं. पण आजही तज्ज्ञाच्या अहवालात हाच प्रश्न विचारला जातो: पाहिलं नसतं तर हा आजार झाला असता का?

दुःखासाठी इंग्लंडमध्ये वेगळी तरतूद आहे, तीही ठरावीक रकमेची. दुसऱ्याच्या चुकीने माणूस दगावला तर त्याच्या जोडीदाराला, किंवा मृत व्यक्ती अविवाहित आणि अठराच्या आतली असेल तर आईवडिलांना, शोकभरपाई म्हणून एक नेमकी रक्कम मिळते. १ मे २०२० पासून ती १५,१२० पौंड आहे. अपघात पाहिला की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. भावंडांचं नाव त्या यादीत नाही.

भावंडांचा मुद्दा निघाला की हिल्सबरोकडे यावंच लागतं.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपचा उपांत्य सामना होता. पोलिसांनी गर्दी हाताळण्यात गंभीर चुका केल्या आणि गोलपाठीमागच्या जाळीबंद पिंजऱ्यांत माणसं चिरडली गेली. मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला. सामन्याचं थेट प्रक्षेपण चालू होतं. त्यामुळे ज्यांची मुलं, भाऊ, नवरे तिथे गेले होते, ती घरं टीव्हीसमोर बसून ते दृश्य पाहत होती.

मेलेल्यांच्या आणि जखमींच्या बाबतीत पोलिसांनी आपली जबाबदारी मान्य केली. ज्यांनी पाहिलं आणि जे मनाने खचले, त्या नातेवाइकांचं काय, हा प्रश्न १९९१ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे आला. दाव्याचं नाव होतं ‘अल्कॉक’. दहा नातेवाईक अपिलात आले होते. दहाच्या दहा हरले.

त्या दिवशी न्यायमूर्तींनी ज्या अटी ठरवल्या, त्यांच्यावर आजवरची बहुतेक इमारत उभी आहे. दावा करणाऱ्याचं आणि जखमी किंवा मृत व्यक्तीचं प्रेमाचं, जिव्हाळ्याचं नातं असावं लागतं. आईवडील-मुलं, नवरा-बायको आणि लग्न ठरलेली जोडी यांच्यात ते असतं असं धरलं जातं. बाकीच्यांनी ते पुराव्याने सिद्ध करायचं. दावेदार प्रत्यक्ष जागी किंवा लगोलगच्या परिस्थितीत हजर असावा लागतो. आणि त्याने ते स्वतःच्या डोळ्याकानांनी अनुभवलेलं असावं लागतं.

एक दावेदार त्या दिवशी मैदानातच पश्चिमेच्या गॅलरीत होता. समोर गोलपाठीमागे चेंगराचेंगरी होताना त्याने पाहिली. आपले दोन भाऊ तिथे आहेत हे त्याला ठाऊक होतं. दोघेही गेले. जागा, वेळ, डोळे, सगळं अटींत बसत होतं. तरीही तो हरला, कारण आपलं भावांवर किती प्रेम होतं याचा पुरावा त्याने दिला नव्हता. सख्ख्या भावांवरच्या प्रेमाचा पुरावा द्यावा लागतो, हे त्याच्या आधी कुणाच्या ध्यानातही आलं नसावं. एका मृताच्या आईवडिलांचं नातं तर धरूनच चालायचं होतं, पण त्यांनी पाहिलं टीव्हीवर. ओळखू येतील अशा व्यक्तींच्या यातना पडद्यावर दाखवायच्या नाहीत, असा प्रक्षेपणाचा नियम होता. तेव्हा टीव्हीवर दिसलं ते आपल्या मुलाला डोळ्यांनी पाहिल्यासारखं नाही, असं न्यायालय म्हणालं. आणखी एकाने आपल्या मेहुण्याचा देह तात्पुरत्या शवागारात ओळखला तेव्हा जवळपास मध्यरात्र झाली होती, म्हणजे सुमारे आठ तास उलटून गेले होते. सफोकच्या आईला दोन तास लागले होते. आठ तास म्हणजे लगोलग नव्हे, असा निष्कर्ष निघाला.

या रेषेच्या बाजूने एक खरी गोष्ट सांगता येते. एकेका दुर्घटनेत शेकडो जवळची माणसं असतात आणि कुठेतरी थांबावं लागतं. पण मैदानात उभं राहून दोन भावांचा मृत्यू पाहिलेल्या माणसाच्या बाबतीत ती रेषा चुकीच्या ठिकाणी ओढली गेली, हे नाकारणं अवघड आहे.

ती थोडी वाकवताही येते, याचं उदाहरण २००३ सालचं आहे. लंडनमध्ये सोळा वर्षांची एक मुलगी नृत्याच्या वर्गाला चालली असताना फुटपाथवर चढलेल्या मोटारीने तिला उडवलं. मुलगी घरी आली नाही म्हणून आई शोधत निघाली आणि पोलिसांनी अडवलेल्या रस्त्यावर पोचली. तिथे तिला मुलगी गेल्याचं कळलं. मग ती शवागारात गेली आणि लेकीचा छिन्नविच्छिन्न देह तिने पाहिला. एकूण दोन तास आणि काही मिनिटं. विमा कंपनीचे वकील म्हणाले, शवागार ही अपघाताची जागा नाही, आणि आई तिथे ओळख पटवायला गेली होती. अपील न्यायालयाने आईचं ऐकलं. पोलिसांच्या दोरीपासून शवागारापर्यंत घडलेलं सगळं एकच घटना आहे, आणि ‘नाही, ती माझी नाही’ म्हणणाऱ्या आईला खात्री पटायला शवागारापर्यंत जावं लागलं, असा त्यांचा रोख होता.

रस्त्यावरच्या अपघाताला लागू पडणारं हे सगळं इस्पितळातल्या चुकीला लागू पडतं का? ११ जानेवारी २०२४ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर दिलं. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये दोन लहान मुली २०१४ साली वडिलांबरोबर खरेदीला गेल्या होत्या. एक बारा वर्षांची, एक नऊ. वडील चालता चालता पाठीमागे कोसळले, डोकं जमिनीवर आपटलं, आणि मुलींच्या डोळ्यांदेखत हृदयविकाराने गेले. चौदा महिन्यांपूर्वी इस्पितळात आले असताना हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी व्हायला हवी होती, ती केली नाही, असा आरोप होता. सात न्यायमूर्तींपैकी सहा जणांनी मुलींच्या विरोधात निकाल दिला. हा अपघात नाही, असं त्यांनी म्हटलं. शरीराबाहेरून जोराने आलेली, अनपेक्षित अशी घटना म्हणजे अपघात. उपचार न झालेल्या आजाराने माणूस दगावणं म्हणजे अपघात नव्हे. डॉक्टरचं कर्तव्य रुग्णाशी असतं, रुग्णाच्या घरच्यांना त्याचा मृत्यू पाहावा लागू नये याच्याशी नसतं, हा त्यामागचा विचार. सातव्या न्यायमूर्तींनी असहमती नोंदवली.

त्याच निकालाने अपघातग्रस्तांच्या नातेवाइकांना एक सवलतही दिली. पूर्वी दावेदाराला अचानक, एका क्षणात बसलेला धक्का दाखवावा लागे, आणि घटना फार भीषण होती हेही सिद्ध करावं लागे. या दोन्ही अटी न्यायालयाने काढून टाकल्या. अपघात किती भीषण होता याची पट्टी लावून आईवडिलांची परीक्षा घ्यायची गरज आता उरलेली नाही.

प्रत्यक्ष दाव्यात काय लागतं ते इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ठाऊक असावं. घटना घडल्यापासून, किंवा आपल्याला त्यामुळे आजार झाला हे कळल्यापासून, तीन वर्षांच्या आत न्यायालयात दावा दाखल करावा लागतो. मूल असेल तर ही तीन वर्षं त्याच्या अठराव्या वाढदिवसापासून मोजतात. दावा चुकी करणाऱ्यावर असतो, पैसे बहुतेक वेळा त्याची विमा कंपनी देते. ज्या जिवलगाचा अपघात झाला त्याचीच चूक असेल, तर त्याच्यावर असा दावा चालत नाही. २००० साली एका अग्निशमन अधिकाऱ्याला स्वतःच्याच मुलाने केलेल्या अपघाताच्या जागी बोलावलं गेलं होतं. त्याचा आजार खरा होता, तरी दावा फेटाळला गेला. घरातल्या घरात असे दावे सुरू झाले तर कुटुंबं फाटतील, असं न्यायालयाला वाटलं.

अशी प्रकरणं पडतात तेव्हा अनेकदा कारण वैद्यकीय नोंदींत असतं. आपल्याकडच्या घरांत माणूस रडतो, गप्प होतो, रात्री दचकून उठतो, पण डॉक्टरकडे त्यासाठी जात नाही. वर्षभराने तज्ज्ञ अहवाल लिहायला बसतो तेव्हा त्याच्यापुढे कोरी फाइल असते, आणि विरुद्ध बाजू म्हणते, हे तर नेहमीचं दुःख. पहिल्या आठवड्यांतच घरच्या डॉक्टरला झोप, दचकणं, अपघाताची जागा टाळणं, कामावर न जाता येणं, हे सांगितलं आणि त्याने ते लिहून ठेवलं, तर पुढे तेच कागद बोलतात. कुठे होतो, किती वाजता पोचलो, नेमकं काय पाहिलं, हेही लगेच लिहून ठेवावं. अपघात पाहिलेल्या कुणीही हे दोन कागद, डॉक्टरची नोंद आणि आपलं टिपण, दावा करायचा की नाही हे ठरायच्या आधीच तयार ठेवावेत.

भारतात चित्र वेगळं आहे. इथे मोटार अपघाताचा दावा न्यायाधिकरणापुढे चालतो आणि जिवलग गेल्याबद्दल ‘सहवास गमावल्याची’ भरपाई दिली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तिची रक्कम ४०,००० रुपये ठरवली, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढीसह, आणि २०१८ साली ती जोडीदाराबरोबर आईवडील आणि मुलांनाही लागू केली. अपघात पाहिला की नाही हे त्यात विचारलं जात नाही.

इंग्लंडच्या विधी आयोगाने १९९८ साली एक अहवाल दिला. जवळच्या नात्यातल्या माणसाला आजार झाला असेल, तर तो अपघाताच्या किती जवळ होता, त्याने डोळ्यांनी पाहिलं की टीव्हीवर, हे विचारू नये, अशी शिफारस त्यात होती. जिव्हाळा धरूनच चालायच्या नात्यांच्या यादीत भावंडांचाही समावेश करावा, असं आयोगाने सांगितलं होतं. ब्रिटिश संसदेने तसा कायदा केलेला नाही. तिथे आजही भावाचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहिलेल्या भावाला आपलं त्याच्यावर प्रेम होतं हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं.